हुदहुदची ऐंशी पाकिटं

नशवाला आकड्यांचा नाद लहानपणापासूनच. संख्याशास्त्राची पदवी घेऊन तिने काय केलं, तर रम्ल स्टेशनच्या मागच्या बोळात खेळायच्या कार्डांचं दुकान टाकलं. तिच्या आईने तेव्हा घर डोक्यावर घेतलं होतं. पण दुकान चाललं. शुक्रवारी नमाज आटोपला की पोरं येऊन चारही टेबलं अडवायची, आपापली दुबार कार्डं मांडायची आणि माशांच्या लिलावात करावी तशी घासाघीस करायची. नशवा गल्ल्यावर बसून पुदिन्याचा चहा पीत ऐकायची.

अम्म वग्दी, म्हणजे वग्दीकाका, मात्र गुरुवारी यायचे, दुकान रिकामं असताना. बंदराच्या कचेरीतून निवृत्त झालेला माणूस, बूट चकाचक आणि दाढी नेहमी केलेली. त्यांचा मुलगा रामेझ दोन वर्षं नशवाच्या दुकानात कामाला होता. मग एके दिवशी कोणालाही न सांगता रोसेटाकडून सुटणाऱ्या एका होडीत बसला आणि इटलीला निघाला. होडी पोहोचल्याची बातमी नाही, बुडाल्याचीही नाही. अम्म वग्दींनी किती उंबरठे झिजवले, कोणाकोणाच्या पाया पडले, ते विचारू नका.

घरी पोराची एकच वस्तू जागेवर होती, ती म्हणजे त्याचा कार्डांचा अल्बम. नाईलकाठच्या आणि समुद्रातल्या प्राण्यांचा तो संच. इथल्याच एका छोट्या कंपनीने काढला, खपला नाही म्हणून कंपनीनेही गाशा गुंडाळला. साधी कार्डं ऐंशी, चमकीची वीस. रामेझची ऐंशी झाली होती, चमकीची एकोणीस झाली होती. एकच कप्पा रिकामा होता, तुरेवाल्या हुदहुद पक्ष्याचा. जाण्याच्या आदल्या संध्याकाळी पोरगा बापाला म्हणाला होता, "बाबा, याला हात लावू नका. हुदहुद मी आल्यावर भरीन." म्हाताऱ्याने त्यावरून शकुनच धरला. सुलेमान पैगंबरांना दूरदेशीची बातमी आणून दिली ती हुदहुदनेच; तेव्हा ज्या दिवशी तो या कप्प्यात येईल, त्या दिवशी पोराचीही बातमी येईल. आता याला काय म्हणायचं? माणूस बुडताना काडी धरतो, यांनी कार्ड धरलं.

त्या संचाची उरलेली सगळी पाकिटं नशवाच्या माळ्यावर पडून होती. दुसरीकडे कुठे मिळत नव्हती. कैरोतला एक संग्राहक हुदहुद विकायला तयार होता, नशवाने अम्म वग्दींना तसं सांगितलंही. त्यांनी मान हलवली. विकत घेतलेलं कार्ड रामेझ अल्बमात कधी लावत नसे. पाकिटातून निघालेलं किंवा अदलाबदलीत आलेलं, एवढंच त्याला चालायचं. आणि अदलाबदलीला हुदहुद द्यायला कोणी तयार नव्हतं. राहिली पाकिटं.

पहिल्याच गुरुवारी त्यांनी विचारलं, किती घ्यावी लागतील? नशवाला असं कोणी विचारलं की राहवत नाही. तिने सगळं समजावून सांगितलं. चार पाकिटांमागे एकात चमकीचं कार्ड असतं. अल्बम कोरा असेल तर पहिलं निघेल ते नवंच, म्हणजे सरासरी चार पाकिटं पुरतात. दहा जमली की निघालेल्या चमकींतली निम्मी दुबार, म्हणून नव्या एकासाठी आठ लागतात. दोनच उरली की एकासाठी चाळीस. आणि एकच उरलं, तर विसांतलं तेवढंच हवं, म्हणून ऐंशी. कोऱ्यापासून विसांपर्यंत सरासरी दोनशे अठ्ठ्याऐंशी पाकिटं, आणि त्यातली निम्म्याहून जास्त शेवटच्या तीन कार्डांपायी.

"म्हणजे पोराने सोपं ते करून ठेवलं," अम्म वग्दी म्हणाले, "आणि अवघड ते बापाच्या गळ्यात घातलं."

दोघंही हसले होते तेव्हा.

मग दर गुरुवारी थोडी थोडी पाकिटं जाऊ लागली. ते घरी नेत, रोज पहाटेच्या नमाजानंतर एकेक उघडत. पुढल्या गुरुवारी दारातूनच नकाराची मान हलवत. ऐंशी पाकिटं झाली तेव्हा त्यांनी विचारलं, आता किती उरली? नशवाच्या जिभेवर आलं होतं, दोन-चार सांगावीत. पण खोटा आकडा सांगायला तिला जमत नाही, तिचा स्वभावच मेला तसा. ती म्हणाली, "ऐंशी."

"अगं, ऐंशी तर झाली."

"झालेली पाकिटं मोजायची नाहीत, अम्म. पुढच्या पाकिटाला मागचं काही ठाऊक नसतं. एक उघडलं असो की हजार, इथून पुढे सरासरी ऐंशीच."

म्हाताऱ्याने पिशवीचे बंद आवळले. मग म्हणाला, की पोराची चौकशी करायला गेलं की बंदराच्या कचेरीतला साहेबही दर वेळी हेच सांगतो, पुढच्या आठवड्यात या. नशवाला स्वतःचाच राग आला. गणित चुकलं नव्हतं, पण समोरच्याचं मन राखून कसं बोलावं हे तिला कळलं नव्हतं. त्या दिवसानंतर प्रश्न ठरून गेला. पाकिटं पिशवीत टाकता टाकता ते विचारत, "किती?" ती म्हणे, "ऐंशी." असं करता करता दीडशे झाली. दीडशेंतही हुदहुद न निघणं जगावेगळं नव्हतं. शंभरातल्या पंधरा जणांना निघत नाही, तिने हिशेब करून पाहिला होता. पंधरांतले एक अम्म वग्दी, एवढंच.

त्या गुरुवारी मात्र बोलता बोलता तिने सहज म्हटलं, की बाकीची चमकीची दुबार कार्डं तरी घेऊन या, शुक्रवारी पोरांना देऊन बघू, एखादा हुदहुदवाला पाघळेल.

"चमकीची?" अम्म वग्दींनी बुटांकडे पाहिलं. "चमकीचं तर एकही नाही निघालं, पोरी."

"एकही?"

"लाज वाटली सांगायला. म्हटलं, आपलंच नशीब फुटकं."

नशवाने मनातल्या मनात आकडे मांडले. नशिबालाही काही मर्यादा असते. नुसत्या तीस पाकिटांत एकही चमकी न येणं म्हणजे दहा हजारांत एक-दोघांच्या वाट्याला येणारी गोष्ट. दीडशेंत? जगातल्या प्रत्येक माणसाने दीडशे-दीडशे पाकिटं फोडली, तरी असा एक सापडायचा नाही. त्यांच्यासमोर ती काही बोलली नाही. त्या दिवशी पाकिटं द्यायचंही तिने टाळलं, डोकं दुखतंय म्हणाली आणि म्हाताऱ्याला रिकाम्या हाती घालवलं.

ते जाताच तिने माळ्यावरून खोकं उतरवलं. तीस पाकिटं उरली होती. चमकीचं कार्ड जाड असतं, त्याचं पाकीट गव्हाच्या चार-पाच दाण्यांइतकं जड भरतं. हाताला कळत नाही, सोनाराच्या काट्याला कळतं. हे या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत. चोरटे ग्राहक जड पाकिटं वेचून नेतात नि हलकी मागे ठेवतात, म्हणून ती पाकिटांना कोणाला हात लावू देत नसे. शेजारच्या नझीह सोनाराकडे ती काटा मागायला गेली.

"घेऊन जा की," नझीह म्हणाला. "तुझा रामेझ तर महिन्यातून दोनदा न्यायचा. मी म्हणायचो, लेका, तुझ्या मालकिणीने सोन्याचा धंदा काढला की काय?"

तिने तीसही पाकिटं तोलली. काटा दर वेळी त्याच हलक्या जागी थांबला. मग तिने एक पाकीट दिव्याखाली उलटं धरलं. खालच्या दुमडीवर पेन्सिलीची बारीक तिरकी रेघ होती, दुसऱ्यावरही होती, सगळ्यांवर होती. माल मोजताना रामेझ अशीच रेघ मारायचा, नजरेखालून गेलं म्हणून. त्याला पगारातला काही भाग पाकिटांत हवा असायचा आणि तीच म्हणायची, घे हवी ती. त्याने हवी ती घेतली होती. माळ्यावर आली होती दोनशे चाळीस, त्यात चमकीची साठेक. ती सगळी त्याने तोलून घेतली, फोडली, दुबार वाटली. साठ चमकींत विसांपैकी एखादं हाती लागत नाहीच, त्याला हुदहुद लागला नाही. साधा हिशेब. बापाने उघडली ती पोराने हातात धरून बाजूला ठेवलेली पाकिटं.

पुढला गुरुवार येईपर्यंत तिला अन्न गोड लागलं नाही. कैरोचं कार्ड आणून एका पाकिटात सरकवावं आणि पाकीट पुन्हा चिकटवावं, हेही तिच्या मनात येऊन गेलं. पण मग बातमी कुठून आणायची? हुदहुद कप्प्यात बसेल, म्हातारा दाराकडे बघत बसेल, आणि दार वाजणार नाही. ते जास्त वाईट.

अम्म वग्दी आले तेव्हा तिने त्यांना बसवलं, चहा दिला आणि सगळं सांगितलं. काटा, वजन, साठ पाकिटं. काही झाकलं नाही. शेवटी पाकीट उलटं करून रेघ दाखवली.

त्यांनी रेघेवरून अंगठा फिरवला. "ही मला माहीत आहे," ते म्हणाले. "पहिल्या दिवसापासून माहीत आहे. शाळेच्या वहीतही तो अशीच मारायचा. मला वाटलं, त्याने माझ्यासाठी मोजून ठेवलीत."

नशवाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. त्यांच्या नाही.

"म्हणजे यांत नाहीच तो," ते म्हणाले.

"नाही, अम्म."

"ऐंशींतही नाही, हजारांतही नाही."

"नाही."

त्यांनी चहाच्या पेल्यातलं पुदिन्याचं पान काढून बशीत ठेवलं. बाहेरून ट्राम गेली, काचा थरथरल्या. मग म्हणाले, की रामेझच्या आईला यातलं काही सांगू नये. तिला अजून वाटतं की रोज पहाटे थोडं थोडं जवळ येतंय. ते उठले, बुटाच्या टोकावरची धूळ रुमालाने झटकली. नशवाला वाटलं, हा माणूस आता पुन्हा या दुकानाची पायरी चढणार नाही.

पुढच्या गुरुवारी ते आले. गल्ल्यासमोर उभे राहून त्यांनी नेहमीसारखी पिशवी उघडून धरली. नशवाने खोक्यातून पाकिटं काढली, रेघा खाली येतील अशी पिशवीत ठेवली. त्यांची ती ओळखीची नजर पिशवीतून वर आली.

"किती?" अम्म वग्दींनी विचारलं.

तिने तोवर आयुष्यात कधी खोटा आकडा सांगितला नव्हता.

"ऐंशी," ती म्हणाली.