चार बोटं लाल

राहीबाईने सुनेला महाडला नोकरीला जाऊ दिलं, म्हणजे तोंडाने नाही म्हटलं नाही एवढंच. अट मात्र पक्की होती. "कुणाची नजर वळंल असं काय घालायचं नाय. ज्या दिवशी गावात कोण बोललं, त्या दिवशी तुझी येष्टी बंद."

स्नेहलचा नवरा ऋत्विक मुंबईला, महिन्यातून एकदा येणारा. घरात दोघीच. पोलादपूरपलीकडच्या त्या घरातून सुटका म्हणजे वकिलाच्या कचेरीतलं दहा ते पाचचं टायपिंग. म्हणून स्नेहलने दीड वर्षं राखी, मातकट आणि फिका करडा यांच्या बाहेर पाऊल टाकलं नव्हतं. वकीलसाहेब एकदा तिला भिंतीजवळ उभी बघून म्हणाले होते, "अरे, तुम्ही आहात होय, मला कपाट वाटलं." सगळे हसले, तीही हसली. पण ते तिच्या मनातून गेलं नाही.

त्याच आठवड्यात ती बाजारपेठेतल्या आम्रपालीच्या शिलाईच्या दुकानात गेली.

"लाल पाहिजे," ती हळू म्हणाली, "पण दिसायला नको."

आम्रपालीने दातातला दोरा तोडला. "मग लाल मिरची खा, पोटात कुणाला दिसत नाही."

पण ती जाणती बाई होती. तिने स्नेहलचा राखी कुर्ता निरखला आणि मोठ्या लाल फुलांचं कापड काढलं. "हे बघ, पाकळ्यांच्या कडेला तुझाच राखी आहे. म्हणून दोन्ही एकमेकांशी भांडणार नाहीत. रंग एकच जागी ठेवायचा, बाकी सगळं साधं. आणि भित्र्या माणसाने तो तोंडापासून लांब ठेवावा. ओढणी घेतलीस तर लोक आधी ओढणीच बघतील. सलवार शिवून घे. कुर्ता पार पोटरीच्या खाली येतो, त्याखाली चार बोटंच दिसतील."

सलवार झाली. दुकानातल्या आरशासमोर स्नेहल उभी राहिली. खरंच, पायाशी चार बोटं लाल. चालताना थोडं जास्त, थांबलं की पुन्हा चार बोटं. कचेरीत वकीलसाहेब म्हणाले, "आज बऱ्या दिसताय," आणि कागदात डोकं घातलं. एवढंच तिला पुरलं. संध्याकाळी घरी अंधारात शिरली, राहीबाईला कळलं नाही. असे चार दिवस गेले.

पाचव्या दिवशी शेजारची साळूबाई जेवायला होती. स्नेहलला कपडे बदलायला वेळ मिळाला नाही. तिने पानं वाढली आणि स्वतःच्या पानावर मांडी घालून बसली.

आरशासमोर ती उभी राहिली होती, बसली नव्हती. मांडी घातली तसा कुर्ता वर सरकला आणि दोन्ही गुडघ्यांवर ताटाएवढी लाल फुलं पसरली.

साळूबाईचा घास हातात राहिला. "राही, तुझी सून लालेलाल पिकलीय गो."

 राहीबाईने भात संपवला, हात धुतला, साळूबाईला उंबऱ्यापर्यंत पोचवलं. मग म्हणाली, "उद्या ती परत देऊन ये. नायतर परवा येष्टी नाय."

"शिवलेलं परत घेत नाय कोण," आम्रपाली दुसऱ्या दिवशी म्हणाली. स्नेहल स्टुलावर बसून राहिली. आम्रपालीने तिच्याकडे पाहिलं आणि सलवारीची शिवण उसवायला घेतली. "पिशवी करते. आत जाड अस्तर घालते, आकार धरेल. पिशवी अंगावर नसते, हातात असते. कोण बोललं तर खाली ठेवता येते."

पिशवी झाली. राखी कुर्ता, राखी ओढणी आणि हातात एकच लाल वस्तू. सलवारीपेक्षाही छान दिसत होती. स्नेहलने ती घरी नेऊन सरळ सासूसमोर ठेवली. लपवायचा आता कंटाळा आला होता.

राहीबाईने पिशवी उचलली, आत हात घातला, शिवण ओढून बघितली. तिचं लुगडं तपकिरी होतं, पोलकं तपकिरी. स्नेहल घरात आल्यापासून तिने दुसरं काही नेसलेलं कोणी पाहिलं नव्हतं.

"मजबूत हाय," ती म्हणाली. बराच वेळ पिशवी मांडीवर ठेवून बसली. "ही काय नडत नाय. हातातली वस्तू हाय."

स्नेहलचा जीव भांड्यात पडला. पण तो निवांतपणा रात्रभरच टिकला.

सकाळी निघताना तिने पिशवीसाठी हात वर केला, तर खुंटी रिकामी. राहीबाई अंगणात तयार उभी होती, तपकिरी लुगड्यावर लाल पिशवी छातीशी धरून. "पोलादपूरला बाजार हाय आज. माझी जुनी फाटली. तुझा डबा त्या थैलीत घातलाय, खताच्या."

"आई, ती..."

"काय?"

बोललं तर येष्टी बंद. स्नेहलने खताची थैली उचलली.

पोलादपूरला राहीबाई गाडीतून उतरली. भाजीवालीने लांबूनच हाक मारली, "कुठून आणलीस गो?" आणि राहीबाई मागे वळून न बघता, पिशवी थोडी पुढे करत म्हणाली, "माझीच हाय."

खिडकीतून स्नेहलने ते ऐकलं. गाडी महाडच्या रस्त्याला लागली. मांडीवर खताची थैली, अंगावर राखी, आणि अजून अर्धा तास कचेरी यायला.