मिठाची गुळणी

धाकट्यानं पसंत केलेली मुलगी घरी आली, तेव्हा ती स्वतःहून बोलेपर्यंत थोरल्या सुनेनं ओळखच दाखवली नाही. सून त्या मुलीच्याच कॉलेजात समुपदेशक. सासूबाईंच्या मनात पाल चुकचुकली. त्यांनी तिला स्वयंपाकघरात गाठलं.

“ही तुझ्याकडे रडायला येते ना?”

“आई, कोण येतं ते मी सांगत नाही.”

“मग येत नाही म्हण!”

“तेही नाही. आज हिच्याबद्दल नाही म्हटलं, तर उद्या दुसऱ्या कुणाबद्दल गप्प बसले की तुम्ही त्याचा अर्थ ‘येते’ असा लावाल.”

सासूबाई तणतणत बाहेर मुलीकडे आल्या. “काय गं, माझ्याबद्दल काय सांगितलंय हिनं तुला?”

मुलगी चाचरली. “काहीच नाही. खोदून खोदून विचारलं होतं मी, तरीही.”

सासूबाईंनी तिच्यासाठी खुर्ची पुढे ओढली. “बस. आता मलाच विचार.”