लंबगोल अनुस्वार

धाकटीने फोटो मोठा करून स्क्रीनवर लावला आणि बाबांनी स्वतःहून खुर्ची ओढून तिच्या शेजारी ठेवली. थोरलीला ही खुर्ची टोचली. नऊ वर्षं ती या पाट्यांच्या कारखान्यात अक्षरं कापत होती, पण तिच्या शेजारी बसायला बाबांना कधी वेळ मिळाला नव्हता. धाकटी अक्षरजुळणीचा कोर्स करून आली त्याला जेमतेम दोन महिने झाले होते.

रंगांच्या दुकानवाल्या काकूंची पाटी ट्रकच्या धक्क्याने फुटून चक्काचूर झाली होती. नवी पाटी त्यांना हुबेहूब तशीच हवी होती. जुनी बनवणाऱ्याने धंदा केव्हाच गुंडाळलेला, आणि त्यांच्याकडे उरला होता एकच फोटो. तोही खालून काढलेला, त्यात माल उतरवणारा टेम्पो आडवा. लांबलचक नावातल्या पहिल्या ‘रंगभांडार’ शब्दाचे ‘रं’, ‘ग’ आणि अर्धा ‘भ’ एवढंच दिसत होतं.

“फॉन्ट जी शोधेल, तिच्याकडे यापुढे डिझाइनचं टेबल,” बाबा म्हणाले. “रोज रोज तुमची भांडणं नकोत मला.”

पाटीची चौकट भिंतीवर शाबूत होती, सहा फूट बाय दोन. धाकटीने फोटोत टेम्पोच्या आजूबाजूला दिसणारे चौकटीचे चार कोपरे धरून चित्र त्याच मापात सरळ केलं. वर निमुळती होत गेलेली अक्षरं ताठ उभी राहिली.

“वा! जादूच की,” बाबा म्हणाले.

‘मी लॅमिनेशन करते तेव्हा जादू नसते वाटतं,’ थोरली मनात म्हणाली.

धाकटीने संग्रहातले फॉन्ट एकेक करून अक्षरांवर ठेवून पाहिले आणि संध्याकाळी जाहीर केलं, “सापडला! शेलाटी.” कारखान्यात फॉन्टना टोपणनावं होती. शेलाटी म्हणजे अरुंद अंगाचा, उंच फॉन्ट. “रुंदी बरोबर बसते. फक्त ‘भ’ची गाठ जरा वेगळी आहे. जुनी आवृत्ती असेल.”

ती छपाई काढून चहाला गेली. थोरलीने कागद उचलला. गाठ जरा नव्हे, चांगलीच वेगळी होती. मग तिची नजर ‘रं’वरच्या टिंबावर गेली. फूटपट्टी लावली. उंची दहा मिलिमीटर, रुंदी आठ. टिंब लंबगोल! फोटो सरळ करताना बिघडलं असेल, म्हणून तिने त्याच कागदावर चौकटीच्या स्क्रूंची डोकी मोजली. ती मात्र चक्क गोल होती. म्हणजे फोटो खरा होता. पाटी करणाऱ्यानेच लांबलचक नाव मावावं म्हणून अक्षरं आडवी दाबली होती.

तिने गुपचूप अक्षरं सव्वापट रुंद केली. टिंब गोल झालं. वर ‘पैलवान’ हा रुंद फॉन्ट ठेवला. गाठ गाठीवर, दांडा दांड्यावर बसला. पैलवानाला कमरपट्टा आवळून उभा केलेला!

आत्ता सांगितलं तर? धाकटी म्हणेल, “हो, मीही तपासणारच होते,” आणि बाबा तिचीच पाठ थोपटतील. थोरलीने एक छपाई काढून ड्रॉवरमध्ये ठेवली आणि फाइल बंद केली.

दुसऱ्या दिवशी काकू आल्या. धाकटीने शेलाटीतलं पूर्ण नाव फोटोशेजारी धरलं.

“अगं, हे उपाशी दिसतंय,” काकू म्हणाल्या. “आमची अक्षरं भरलेली होती.”

धाकटीचा चेहरा उतरला. थोरलीने ड्रॉवरमधून आपला कागद काढला, आणि टिंब, स्क्रू, पैलवान सगळं सांगितलं.

“अगदी हेच!” काकू म्हणाल्या.

त्या गेल्यावर बाबांनी विचारलं, “कधी कळलं तुला?”

“काल.”

“आणि रात्रभर तोंडाला कुलूप?”

थोरलीने कागद पुन्हा ड्रॉवरमध्ये ठेवला.

“टेबल तुझं,” बाबा म्हणाले. शब्द दिला म्हणून म्हणाले, हे तिला कळलं.

धाकटी स्टूल ओढून तिच्या टेबलाशी आली. आता रडेल किंवा फणकारेल, म्हणून थोरली तयारीत होती.

“ताई, मला दाखव ना कसं मोजलंस. मी टिंबाकडे बघितलंच नाही गं.”

थोरलीने नाइलाजाने दाखवलं. तिसऱ्या वाक्याला धाकटी उडालीच. “थांब! आडवं दाबलं तर उभे दांडे बारीक होणार, पण शिरोरेघेची जाडी तशीच राहणार. म्हणजे दोन्ही जाड्यांचं प्रमाण बघितलं तर अनुस्वार नसलेल्या पाटीवरसुद्धा ओळखता येईल!”

हे थोरलीला सुचलं नव्हतं. कालही नाही, आजही नाही.

बाबा पलीकडून वळले. “काय म्हणालीस? पुन्हा सांग बघू.”

आणि त्यांनी खुर्ची ओढली. थोरलीच्या नव्या टेबलाशीच, पण धाकटीच्या बाजूला.