एक किलो सहाशे ग्रॅमची बातमी

मी एक जुनी स्टिक आहे. नाव ऐकून काठी डोळ्यांपुढे आणू नका, मित्रांनो. छापखान्यात खिळे जुळवणारा जुळारी डाव्या हातात जी वीतभर लांब पोलादी पन्हळ धरतो, ती मी. शिशाचा एकेक खिळा म्हणजे एकेक अक्षर. ते माझ्यात उभं राहतं, शब्द होतो, ओळ होते. माझ्या एका टोकाला सरकता अडसर आहे. त्याचा स्क्रू आवळला की ओळीची रुंदी पक्की झाली. ओळ घट्ट बसली नाही, तर उचलताना कोसळते.

मला कोणत्या कारखान्यात घडवलं ते आता आठवत नाही. मला घासून गुळगुळीत करणाऱ्या बाईचा हात मात्र आठवतो. खरखरीत होता, पण मायेचा होता. तिथून मी एका दैनिकाच्या छापखान्यात आले आणि जुळारीकाकांच्या हाती लागले. काका मला दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. म्हणत, "चष्मा मागा, देतो. ही मागू नका."

जन्म, लग्न, निधन अशा छोट्या जाहिराती जुळवायचं काम आमच्याकडे होतं. खिळ्यांवर अक्षरं उलटी असतात, त्यामुळे जगातला प्रत्येक आनंद आणि प्रत्येक दुःख मी आधी उलटं पाहिलं आहे. म्हणूनच की काय, माझा स्वभाव संशयी झाला. पण खरं कारण वेगळं आहे, आणि ते सांगताना मला अजून लाज वाटते.

एकदा कुणा टवाळाने जाहिरातींच्या खिडकीवर एक मजकूर दिला. एका मास्तरांना जुळं झाल्याची ती बातमी होती. काकांनी माझ्यात ती छान जुळवली, दुसऱ्या दिवशी छापूनही आली. मास्तर अविवाहित होते. त्यांचं ठरलेलं लग्न आठवड्याभरात मोडलं. दैनिकाने माफी छापली. तीही माझ्यातच जुळली, पण मोडलेलं काही परत जुळलं नाही.

तेव्हापासून नियम झाला. जन्माची बातमी हवी असेल तर प्रसूतिगृहाची चिठ्ठी आणायची. खिडकीवरच्या ताई स्वतः फोन करून खात्री करणार. जे पटलं तेवढंच छापलं जाणार. सगळ्या गावाला हे माहीत होतं. ताईंना लोक पाठीमागे 'फौजदारीण' म्हणत. ताईंनाही ते ठाऊक होतं आणि मनातून आवडत होतं.

एका दुपारी खिडकीवर एक तरुण आला. काकांची केस, म्हणजे खिळ्यांची कप्प्याकप्प्यांची पेटी, खिडकीच्या मागेच होती, फळीच्या आडोशाला, म्हणून सगळं ऐकू येत असे. तरुणाचा सदरा उलटा होता, शिवण बाहेर. हातातल्या कागदाला घामाच्या बोटांचे डाग होते.

"मुलगी झाली," तो म्हणाला. "उद्याच्या अंकात हवं. उद्याच."

"अभिनंदन. केव्हा झाली?"

"परवा. म्हणजे... तीन दिवस झाले."

"तीन दिवस थांबलात, मग आता एवढी घाई कसली?" ताईंचा आवाज चटकन थंड झाला. काकांचा हात केसवरच थांबला.

ताईंनी कागद मोठ्याने वाचला. "'आमच्या घरी गुटगुटीत कन्यारत्नाचे आगमन झाले. माता व कन्या अत्यंत सुखरूप आहेत.' पुढे डॉक्टरांची नावं, आणि एक, दोन, तीन... चौदा नातेवाइकांची नावं. वजन किती होतं हो बाळाचं?"

तो कागदाची कड दुमडू लागला.

"बापाला वजन माहीत नाही?"

"माहीत आहे. पण ते छापू नका."

मित्रांनो, माझ्या अंगात तेव्हा एकही खिळा नव्हता, तरी मला जड वाटलं. मास्तर आठवले. काकांनी मला ॲप्रनच्या खिशात सारलं आणि ते खिडकीशी जाऊन उभे राहिले.

ताईंनी प्रसूतिगृहाला फोन लावला. बराच वेळ त्या नुसत्या 'हं, हं' करत होत्या. फोन ठेवून त्या काकांकडे वळल्या आणि हळूच म्हणाल्या, "बाई आहे तिथे. बाळ नाही."

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही. पाळणा रिकामा आहे. पुढचं फोनवर सांगत नाहीत."

काकांनी चष्मा काढला. "पोरा," ते म्हणाले, "बाळ आहे ना? खरं सांग. नसलेल्या माणसाची बातमी मी एकदा जुळवली आहे. पुन्हा नाही जुळवणार."

तेव्हा तो खिडकीच्या कठड्याला धरून खालीच बसला आणि बोलू लागला. बाळ साडेसात महिन्यांतच आलं होतं. श्वासाला त्रास होत होता, म्हणून जन्मल्यावर अर्ध्या तासात रुग्णवाहिकेतून मोठ्या रुग्णालयाच्या नवजात कक्षात नेलं. आईने पाहिलं ते फक्त दुपटं. टाके असल्यामुळे तिला हलता येत नाही. आणि तिची खात्री झाली आहे की बाळ गेलं, आणि सगळे मिळून लपवत आहेत.

"असं का वाटावं तिला?" ताईंनी विचारलं.

"कारण एकदा लपवलं होतं. ती आजारी असताना तिचा भाऊ गेला. आम्ही आठ दिवस 'बरा आहे, बरा आहे' म्हणत राहिलो. त्यात मीही होतो." तो डोळे पुसत म्हणाला, "बाळाला नळीने दूध द्यायचंय. डॉक्टर म्हणतात, आईचंच हवं, वाटीत काढून आणा. माझी बहीण उकळलेली वाटी घेऊन तीन दिवस उशाशी बसली आहे. ही म्हणते, कुणासाठी काढू? आज सकाळी म्हणाली, 'तुमचं कुणाचंच खरं नाही. खिडकीवरची ती फौजदारीण छापेल, तर मानेन.'"

ताई एकदम लाल झाल्या. काका खोकले.

"मग 'गुटगुटीत' कशाला लिहिलंस, शहाण्या?" काका म्हणाले. "साडेसात महिन्यांचं बाळ गुटगुटीत? पहिल्याच ओळीला पेपर फेकून देईल ती!"

"तिला बरं वाटावं म्हणून."

"बरं वाटावं म्हणूनच तर इतकं सगळं झालं," ताई म्हणाल्या आणि त्यांनी पुन्हा फोन उचलला.

पण त्याच्या बोलण्यावर कुणी अजून विश्वास टाकला नव्हता. मीही टाकला नव्हता. रडणं खोटंही असतं. मोठ्या रुग्णालयातल्या नवजात कक्षाच्या सिस्टरने फोन घेतला आणि ती तर ताईंच्याही वरचढ निघाली. "बाळांची माहिती फोनवर देत नाही आम्ही. तुम्ही पेपरच्या कशावरून? फोन ठेवा. डिरेक्टरीत नंबर बघून मीच करते." आणि खाडकन फोन ठेवला.

"बाई कामाची दिसते," ताई कौतुकाने म्हणाल्या.

आम्ही वाट पाहिली. पान पाच वाजता बंद होणार होतं. चार वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. सिस्टरने आधी वडिलांना बोलायला लावलं, आईच्या केसपेपरचा नंबर विचारला, आवाज ओळखला, त्यांची परवानगी घेतली. मग ताईंनी पेन्सिल घेतली आणि एकेक वाक्य विचारू लागल्या.

"वजन?... एक किलो सहाशे. श्वास?... स्वतःचा? केव्हापासून? आज सकाळी दहापासून. सुखरूप म्हणू का?... नको. बरं. रडते का?... मांजराच्या पिलासारखी." हे ताईंनी जसंच्या तसं लिहून घेतलं. "डॉक्टरांचं नाव?... नको? नियमात बसत नाही त्यांच्या. नुसते आभार चालतील."

मग चौदा नावांची पाळी आली. काकांनी विचारलं, "यातले तीन दिवसांत रुग्णालयात कोण कोण आलं?"

"बहीण. आणि हिची आई."

"मग तेवढीच. बाकीचे रुसले तर माझ्याकडे पाठव."

काकांनी मला बाहेर काढलं, स्क्रू तपासला आणि उभ्या-उभ्या जुळवणी सुरू केली. एरवी ते जन्माच्या ओळी गुणगुणत जुळवत. त्या दिवशी ओठ मिटलेले होते. शिशाचे गार खिळे माझ्यात उतरत गेले. ओळी भरल्या, गॅलीच्या पोलादी तबकात उतरल्या, दोऱ्याने बांधल्या गेल्या. शाईचा हात फिरला आणि पहिला छाप कागदावर उमटला. ताईंनी तो फोनवर सिस्टरला वाचून दाखवला. तिकडून प्रत्येक वाक्याला 'हो' आल्यावरच त्यांनी खाली सही केली. मजकूर असा होता:

"आम्हांला मुलगी झाली. ती वेळेआधी आली. वजन एक किलो सहाशे ग्रॅम. ती नवजात कक्षात आहे आणि आज सकाळी दहापासून स्वतःचा श्वास घेत आहे. रडते, मांजराच्या पिलासारखी. तिला व तिच्या आईला सांभाळणाऱ्या दोन्ही रुग्णालयांतील डॉक्टरांचे आणि परिचारिकांचे, तसेच उशापासून न हललेल्या तिच्या आत्याचे व आजीचे आभार कसे मानू? मी फार आनंदात आहे आणि फार घाबरलो आहे. — बाबा."

शेवटचं वाक्य त्याने छाप पाहिल्यावर घालायला सांगितलं. काकांनी पान थांबवून ते घातलं. चार वाजून पंचावन्न मिनिटं झाली होती.

दुसऱ्या दिवशी तो आला, तेव्हा सदरा सुलटा होता. म्हणाला, "तिने तीनदा वाचलं. 'गुटगुटीत' नाही, 'सुखरूप' नाही, म्हणाली. मग बहिणीला म्हणाली, 'वन्सं, वाटी द्या.'"

 काका रिकाम्या मला फडक्याने पुसत राहिले, पुसलेली असूनही.

पुढे पाच आठवड्यांनी खिडकीशी एक फिकट चेहऱ्याची बाई येऊन उभी राहिली. तिला दोनच शब्द छापून हवे होते: 'मुलगी घरी आली'. मोजले तर तीन भरले. ताईंनी सवयीने विचारलं, "चिठ्ठी आणली आहे का?"

"चिठ्ठी नाही," ती म्हणाली आणि दुपटं कठड्यावर उचलून धरलं. "हीच आणली आहे. नीट तपासून घ्या."

फौजदारीण ताईंनी बोट पुढे केलं. दुपट्यातल्या मुठीने ते पकडलं आणि सोडेचना. त्या दिवशी फोन कुणी केला नाही.

मित्रांनो, नंतर खिळे वितळवले गेले. काका गेले, ताई निवृत्त झाल्या. मी एका खणात पडून आहे. माझा स्क्रू आता फिरत नाही. कुणी तेलाचा थेंब घातला तर बरं वाटेल, नाही घातला तरी माझी तक्रार नाही. मागणं एकच आहे. घाबरलेलं माणूस तुम्हांला काही विचारायला आलं, तर 'सगळं ठीक आहे' म्हणून त्याला वाटेला लावू नका. जरा चौकशी करा, आणि किती ग्रॅम ते सांगा.