रविवारचं शेपूट

पाव दादा भाजायचा, फोटो दादा काढायचा, आणि बेकरीच्या ऑनलाइन पानावर त्या फोटोखाली लिहायचो मी. मधल्या ओळी कशाही चालायच्या, पण शेवटची ओळ! तिला दादा शेपूट म्हणायचा आणि मलाही त्याच नावानं हाक मारायचा. "ए शेपूट, आजचं शेपूट काढ."

मला शेवटी शुभेच्छा द्यायला आवडायचं. 'तुमचा दिवस गोड जावो' वगैरे. दादा वैतागायचा. "लग्नपत्रिका छापतोयस का? लोक हात जोडतात नि पुढं जातात." मग मी हट्टानं गप्प शेपूट लावायचो, नुसतं 'भट्टी थंड झाली' एवढंच. त्यावर म्हणायचा, "हे वाचून माणूस जरा थांबतो, कबूल. पण मला थांबलेला नको, दुकानात आलेला हवाय. हसव!" नियम त्याचाच होता. शेपूट मोठ्यानं वाचून दाखवायचं, तो खो खो हसला तरच पास. आणि हसायचा विषय बहुतेक वेळा तो स्वतःच असायचा.

रविवारी दुपारी मी आठवड्याच्या सगळ्या पोस्ट वेळ लावून ठेवायचो, म्हणजे रोज सकाळी सातला त्या आपोआप जायच्या. त्या रविवारी मंगळवारसाठी फोटो होता दादाचाच, मैद्याच्या पोत्यांना टेकून डोळे मिटलेला. वहिनींनी गुपचूप काढलेला. मी वाचलं, "पहाटे चारपासून तीनशे पाव भाजून मालक आडवे झालेत. उठवून दाखवा, केक फुकट!"

दादा इतका हसला की छातीवर हात दाबून खाली वाकला. "बास कर रे, छातीत दुखतंय!" गल्ल्यावर वहिनींनाही हसू आवरेना. मी फुशारलो. याहून मोठी पावती कुठली?

सोमवारी संध्याकाळी दादा भट्टीसमोर कोसळला. हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

मंगळवारी सकाळी मी हॉस्पिटलच्या खिडकीपाशी कागदांवर सह्या करत होतो. पोस्ट डोक्यातून साफ गेली होती. वहिनी बाकावरून उठून आल्या आणि त्यांनी फोन माझ्यापुढं धरला.

"भावजी, लोक हसताहेत."

दोनशे बारा हसरी तोंडं. खाली एकानं लिहिलेलं, 'मी निघालोच उठवायला!' दुसरा म्हणतोय, 'माझा केक बांधून ठेवा.' मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटची ओळ बदलायला गेलो, तेवढ्यात लक्षात आलं, ओळ बदलली तरी ती हसरी तोंडं तिथंच राहणार, दादाच्या बातमीखाली. अख्खी पोस्टच काढून टाकली.

"नवीन लिहा," वहिनी म्हणाल्या. "ह्यांच्या नावाखाली शेवटचं ते राहायला नको. फोटो तोच लावा. दुसरा धड आहेच कुठं? बाकीचे सगळे ह्यांनी काढलेले."

बाकावर बसून मी लिहिलं. कधी गेले, कशानं गेले, दुकान किती दिवस बंद. मग शेपटावर येऊन अडलो. तसं पाहिलं तर ती ओळ 'आणखी वाचा' दाबल्याशिवाय दिसतसुद्धा नाही. पण दादा म्हणायचा, जो दाबतो तोच आपला.

"त्यांच्या आत्म्यास शांती लाभो," मी वाचलं.

"पत्रिका झाली," वहिनी म्हणाल्या. दादाचाच शब्द.

खोडलं. हात चालतच राहिला मेला, सवयीनं. "मालकांनी पहिल्यांदाच सुट्टी घेतली." वाचलं आणि थांबलो. कुणीतरी हसेल म्हणून थांबलो! माझीच मला किळस आली. तेही खोडलं.

"सकाळच्या पोस्टबद्दल माफ करा," मी वाचलं.

वहिनींनी मला थांबवलं. "माफी कशाला? गिऱ्हाइकांना काय ठाऊक होतं?" मग हळूच म्हणाल्या, "रविवारी ते बोलले होते, दुखतंय म्हणून. मीही ऐकलं. मीही हसत होते, भावजी."

मला वाटलं होतं, ते फक्त माझ्याच ध्यानात आहे. कालपासून मी तेवढं एकच सगळ्यांपासून लपवत होतो. मी तिथंच, त्या बाकावर, ढसाढसा रडलो. वहिनी रडल्या नाहीत. माझ्या हातातला फोन त्यांनी घेतला, एकेक अक्षर शोधून शेवटची ओळ टाकली आणि मला मोठ्यानं वाचून दाखवली. नियमच होता तसा.

"रविवारी ते खूप हसले."

पुढं त्यांनी काहीच लिहिलं नाही. मी मान डोलावली. त्यांनी पोस्ट टाकली.

पाचेक मिनिटांत खाली पहिली ओळ आली. 'हसत हसत गेले, भाग्यवान माणूस.' वहिनींनी ती वाचली, फोन बंद करून पिशवीत टाकला, आणि खिडकीवाल्यानं हाक मारेपर्यंत आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता बसून राहिलो.