तीन आकड्यांची मेल

काशीमीऱ्याच्या आमच्या गोदामाला बॅटरीवरची फोर्कलिफ्ट हवी होती. मी चाळीस आकड्यांची मेल धाडली. फायनान्स हेड हेमांगी मॅडमनी ती न वाचताच उत्तर दिलं, "सुयोग, तीनच आकडे दे. खर्च किती, वसूल कधी होतो, वर्षाला परतावा किती."

मी लिहिलं: खर्च बारा लाख, वीस महिन्यांत वसूल, परतावा साठ टक्के. काय झकास दिसत होती मेल! चार्जिंग आणि देखभालीचे महिन्याचे वीस हजार मी वजाच केले नव्हते. मेल छोटी ठेवायचीय ना, असं मनाला सांगितलं. खोटारडा साला.

तासाभरात मॅडमचा फोन आला. "तुझी पहिली मेल आत्ता उघडली. त्यातले चार्जिंग-देखभालीचे वीस हजार कुठे गेले? ते धरले तर महिन्याला साठ हजार नाही, चाळीसच हजार वाचतात. म्हणजे तीस महिने आणि चाळीस टक्के."

मी कॅल्क्युलेटर उघडला. तीसच येत होते.

"अरे, तीस महिन्यांनाही मी हो म्हटलं असतं," त्या शांतपणे म्हणाल्या. "आता तुझ्या जुन्या सगळ्या मेल्स काढून तपासायला लागतील."