चेहऱ्याचा होकार

पोस्टरच्या दुकानातल्या बाईंनी फोटो बोटांनी मोठा केला, आणखी मोठा केला आणि मान हलवली.

"हा नाही चालायचा, भाऊ. दहा जणांकडून फिरून आलाय. सहा फुटांवर छापला की चेहऱ्याचे नुसते चौकोन दिसतील. मूळ फोटो ज्याच्या फोनमध्ये असेल त्याच्याकडून मागवा."

"त्याच्याचकडे आहे तो," वायरमन म्हणाला. "ज्याचा वाढदिवस त्याच्याकडे."

"मग बरंच झालं. होकारही मागवा. ज्याचा चेहरा त्याचा लेखी होकार आल्याशिवाय मी मशीन चालू करत नाही. मागे एकाचे घरचे दुकानात येऊन रडले. तेव्हापासून नियमच केलाय."

वायरमन हसला. बसडेपोच्या वर्कशॉपमधल्या चौकडीत हसण्याचं खातं त्याच्याचकडे होतं. वेल्डर, फिटर, वायरमन आणि स्टोअर सांभाळणारा टायर. टायर हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पोटावरून पडलं आणि चिकटलं ते चिकटलंच. दर वाढदिवसाला कॅन्टीनच्या भिंतीवर टायरचं पोस्टर लागायचं. एकदा म्हशीच्या धडावर त्याचं डोकं, एकदा फुग्यावर. अकरा वर्षं झाली. टायर दरवर्षी पोस्टरखाली उभा राहून सगळ्यांबरोबर फोटो काढायचा आणि सगळ्यांत मोठ्यांदा हसायचा. उद्या त्याला पन्नास वर्षं पुरी होणार होती, म्हणून यंदाचं पोस्टर खास: लंगोट घातलेलं बाळ, तोंडात चोखणी, बसलंय बसच्या टायरमध्ये, आणि वर ओळ, 'पन्नाशी आली तरी हवा गच्च!'

वायरमनने लिहिलं, 'टायऱ्या, तो गाल फुगवलेला फोटो पाठव. पोस्टरला लावतोय. चालेल ना?' आणि फोन बाईंपुढे धरला.

"हे काय होकार मागणं झालं?" बाई म्हणाल्या. "कशावर लावताय, किती मोठं, कुठे, किती दिवस, कोण बघणार, फोनवर फिरवणार का, सगळं सांगा. नाहीतर तो हो म्हणेल एकाला आणि तुम्ही छापाल दुसरंच."

"अहो, जिवलग दोस्त आहे माझा. गंमत आहे ही."

"मांजराचा होतो खेळ, भाऊ. लिहा."

काय कटकट आहे, असं मनात म्हणत तो स्टुलावर बसला. बाई सांगत गेल्या, तो टाइप करत गेला.

'तुझा चेहरा कापून लंगोट घातलेल्या बाळाच्या धडावर लावणार आहोत. तोंडात चोखणी असेल. पोस्टर सहा फूट उंच, चार फूट रुंद. कॅन्टीनच्या भिंतीवर, हात धुवायच्या जागेसमोर, तीन दिवस. वर्कशॉप आणि ऑफिसचे सगळे बघतील. वर्कशॉपच्या ग्रुपवरही टाकू. नको असेल तर नको म्हण. कारण विचारणार नाही.'

एकदा वाचून त्याला चुकल्यासारखं वाटलं. फिटरने कालच हीच कल्पना सांगितली तेव्हा पोट धरून हसला होता तो. आता तीच गोष्ट सरळ शब्दांत लिहिली तर हसूच येईना. चोखणीचं वाक्य खोडावं असं त्याच्या मनात आलं. पण बाई बघत होत्या. त्याने पाठवून दिलं.

निळ्या खुणा लगेच उमटल्या. टायर लिहितोय असं दिसलं, थांबलं, पुन्हा दिसलं. बाईंनी तोवर बाळाच्या मानेचा रंग थोडा गडद करून ठेवला, चेहरा बसवला की सांधा दिसू नये म्हणून.

उत्तर आलं.

'नको.'

मग दुसरं.

'कारण विचारणार नाहीस हे बरं केलंस. तरी सांगतो. पोरगी पहिल्या तारखेपासून आपल्याच ऑफिसात लागलीय. हात तिथेच धुते.'

वायरमनने ते पुन्हा वाचलं. पोरगी लागल्याचे पेढे त्यानेच दोन खाल्ले होते, तिसरा खिशात घालून घरी नेला होता. त्याने घाईघाईने लिहिलं, 'अरे, मग आधी बोलायचंस ना! इतकी वर्षं आवडत नव्हतं तर!'

मग आलं, 'आधी कुणी विचारलं कधी?'

टायरला वगळून केलेल्या ग्रुपवर वेल्डर आणि फिटर ताटकळले होते. टायर नको म्हणतोय, हे वायरमनने कळवलं. कुणाचाच विश्वास बसेना.

'मस्करी करतोय तो. छाप बिनधास्त,' फिटरचं म्हणणं.

'नाही. बाई छापणार नाहीत. मीही नाही छापणार,' वायरमनने लिहिलं. लिहिताना त्याला जरा बरं वाटलं, खोटं कशाला सांगा.

'फारच हळवा झालास! मग भिंत काय रिकामी ठेवायची? तुझं थोबाड लाव,' वेल्डरने लिहिलं आणि पाठोपाठ फोटो धाडला. स्वतःच्या फोनातला, एकदम स्वच्छ. वायरमन बाकावर झोपलेला, तोंड उघडं, लाळ हनुवटीपर्यंत.

हा फोटो कधी काढला, हे त्याला माहीतसुद्धा नव्हतं.

बाईंनी तो फोटो मागून घेतला. केसांच्या कडेने चेहरा कापायला त्यांना दोन मिनिटंही लागली नाहीत. चेहरा सरकत बाळाच्या मानेवर जाऊन बसला. चोखणी उघड्या तोंडात बरोबर मावली. वरची ओळ बदलली, 'टायरकाकाला बाळाच्या शुभेच्छा!'

"बोला," बाई म्हणाल्या. "चेहरा तुमचा आहे. सहा फूट, चार फूट, हात धुवायच्या जागेसमोर, तीन दिवस. नको असेल तर नको म्हणा. कारण विचारणार नाही."

त्याने पडद्याकडे पाहिलं. फोन एकसारखा वाजत होता. 'काय रे, फाटली का?' 'टायरने अकरा वर्षं सोसलं, तुला एक दिवस होईना?' 'बायकोला विचारायचंय का?'

नको म्हणायला एकच शब्द लागत होता. नुकताच त्याने तो टायरकडून वाचला होता. पण तिकडे ते दोघे वाट बघत होते आणि उद्यापासून रोज त्यांच्याबरोबरच डबा उघडायचा होता.

'हो,' त्याने ग्रुपवर लिहून बाईंना दाखवलं, आणि पुढे हसरे चेहरे टाकले. तीन. टायरही दरवर्षी पोस्टरच्या फोटोखाली तीनच टाकायचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी कॅन्टीन नुसतं खिदळत होतं. ड्रायव्हर, कंडक्टर, ऑफिसातल्या बायका, जो येई तो आधी भिंतीकडे बघे, मग वायरमनकडे. कुणी तोंड वासून झोपल्याची नक्कल केली. वायरमन पोस्टरखाली उभा राहून सगळ्यांबरोबर फोटो काढत होता आणि सगळ्यांत मोठ्यांदा हसत होता. टायरची पोरगी हात धुवायला आली. तिने भिंतीकडे एकदाच पाहिलं, चटकन नजर वळवली आणि ओल्या हातांनीच निघून गेली.

गर्दी पांगल्यावर टायर ताट घेऊन त्याच्यासमोर येऊन बसला. वाढदिवसाला इस्त्रीचा नवा शर्ट होता अंगात. त्याने पोस्टरकडे मान वर करूनही पाहिलं नाही.

"काल तुला नको म्हणालो, राग आला?"

"छे रे! उलट मीच..." वायरमनने डबा पुढे ओढला. तोंडावरचं हसू मात्र तसंच राहिलं होतं.

टायरने घास मोडला.

"गाल दुखतायत ना? आज दुखणारच," तो हळू आवाजात म्हणाला. "उद्या उशिरा ये जेवायला, अडीचनंतर. गर्दी नसते. आणि बसताना त्या खांबामागे बस. तिथून ते दिसत नाही."